गॅरंटी की शेअर्स? आठ फ्लॅट्स, सहा मालक आणि जास्तीचे वीस हजार

ताई नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो, आठ फ्लॅट्सची लहान बिल्डिंग आहे, सगळे फ्लॅट लीजहोल्ड, म्हणजे ठराविक वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. आता बिल्डिंगचं फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसकट तिची कायमची मालकी, विकत घ्यायचं ठरतंय, सगळा खर्च धरून ८० हजार पौंड. सहा जण तयार आहेत, दोघं नाही म्हणाले. आम्ही पाच जण १०-१० हजार देऊ. सहावे एक रिटायर्ड गृहस्थ आहेत, आम्ही त्यांना काकाच म्हणतो, ते ३० हजार घालायला तयार आहेत, पण म्हणतात की मग माझं मत पण तेवढंच जड पाहिजे. खरेदीसाठी कंपनी काढायची आहे. एक शेजारी म्हणतो लिमिटेड बाय गॅरंटी काढा, फ्लॅटवाले तीच काढतात. दुसरी म्हणते बाय शेअर्सच काढा, नाहीतर आपले पैसे कुठे गेले ते कळणार पण नाही. कोणाचं ऐकायचं?

नमस्कार,

दोघांचंही अर्धं अर्धं ऐका :) तुमचा शेजारी सवयीचं सांगतोय आणि शेजारीण पैशाचं सांगतेय, आणि तुमच्या केसमध्ये पैशाचा प्रश्न मोठा आहे म्हणून मी आधी तिच्या बाजूने सुरू करते.

पण त्याआधी एक गैरसमज काढून टाकू, कारण जवळपास प्रत्येकजण तिथूनच सुरुवात करतो. लोकांना वाटतं गॅरंटी म्हणजे काहीतरी मोठी जबाबदारी आपल्या डोक्यावर येणार आणि शेअर्समध्ये आपण सेफ. तसं काही नाही. गॅरंटी कंपनीत प्रत्येक मेंबर लिहून देतो की कंपनी बंद पडली आणि देणी भागली नाहीत तर मी इतके पैसे भरेन, आणि ती रक्कम बहुतेक ठिकाणी १ पौंड असते. बस, एक पौंड. मेंबरशिप सोडल्यावरही ती एक वर्षभर मागे राहते, म्हणजे तुम्ही असताना झालेल्या देण्यांपुरती, पण एक पौंडाची शेपटी कितीही लांब असली तरी काय फरक पडतो. शेअर्सच्या कंपनीत तुम्ही शेअरची जी किंमत अजून भरलेली नसेल तेवढीच तुमची जबाबदारी, आणि शेअरचे पूर्ण पैसे पहिल्याच दिवशी भरले तर पुढे शून्य. म्हणजे रिस्कच्या बाबतीत दोन्हीकडे सारखंच. उद्या डायरेक्टर म्हणून कोणी बँकेला स्वतःची पर्सनल गॅरंटी लिहून दिली तर कंपनी कुठल्या प्रकारची आहे हे बँक विचारणार पण नाही. आणि सर्व्हिस चार्ज तर तुम्ही लीजप्रमाणे देणं लागताच, त्यातून दोन्ही प्रकार सुटका करत नाहीत.

मग फरक कुठे आहे, तर तीन ठिकाणी. पैसे आत कसे येतात, मत कोणाला किती, आणि माणूस बाहेर कसा पडतो. बाकी सगळं, म्हणजे कंपनीज हाउस या सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयात नोंदणी, दरवर्षीचे अकाउंट्स, माहिती बरोबर आहे असं दरवर्षी कळवायचं कन्फर्मेशन स्टेटमेंट, कॉर्पोरेशन टॅक्स, हे दोघांनाही आहे. गॅरंटी कंपनीला टॅक्स नसतो असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. चॅरिटीला सवलती असतात त्या चॅरिटी म्हणून असतात, गॅरंटीमुळे नाही.

पैसे आत येणं. गॅरंटी कंपनीला भांडवल नावाची गोष्टच नसते. तुम्ही सहा जण मेंबर झालात तर कंपनीच्या खात्यात त्यामुळे एकही पौंड येत नाही, फक्त सहा आश्वासनं येतात. मग ८० हजार आत आणायचे कसे? कर्ज म्हणून, किंवा वर्गणी म्हणून. इथे तुमची शेजारीण बरोबर बोलतेय, घाईघाईत काढलेल्या गॅरंटी कंपन्यांमध्ये नेमका हाच गोंधळ असतो, सगळ्यांनी खात्यात पैसे टाकले, फ्रीहोल्ड घेतलं, आणि दोन वर्षांनी अकाउंटंट विचारतो की हे दहा दहा हजार मी कशात दाखवू, आणि कोणाकडेच कागद नसतो. शेअर्सच्या कंपनीत हे आपोआप सुटतं, १ पौंडाचा एक शेअर १० हजाराला द्यायचा, त्यातला १ पौंड शेअर कॅपिटल आणि उरलेले ९,९९९ शेअर प्रीमियम, अकाउंट्समध्ये कायमचं लिहिलेलं. अर्थात ते पैसे मग तिथेच अडकतात, मनात आलं म्हणून परत काढता येत नाहीत, पण तुमचे दहा हजार तुम्हाला कंपनीकडून परत मिळायचे नाहीतच, ते तुमच्या फ्लॅटच्या किमतीत वसूल व्हायचेत, कारण फ्रीहोल्ड ताब्यात आलं की तुम्ही सहा जण स्वतःलाच ९९९ वर्षांची लीज देणार.

तर मग दहा हजारवाल्या पाच जणांचं दोन्हीकडे चालतं. अडचण काकांच्या जास्तीच्या वीस हजारांची आहे. ते वीस हजार म्हणजे खरंतर नाही म्हणणाऱ्या दोन फ्लॅट्सचा हिस्सा, तो काका उचलतायत. आणि ते काही निव्वळ उपकार म्हणून नाहीये, म्हणजे असेलही, पण त्यात कमाईची शक्यता आहे. ते दोन फ्लॅट कधीतरी विकले जाणार, त्यांची लीज तोवर छोटी झालेली असणार, घेणारा म्हणणार लीज वाढवून द्या, आणि ती वाढवून देणारा मालक आता कोण? तुमची कंपनी. समजा लीज वाढवून देण्याची किंमत, म्हणजे प्रीमियम, प्रत्येकी १४ हजार आली तर २८ हजार कंपनीच्या खात्यात येणार, त्यातून टॅक्स जाणार. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हा आहे की हे २८ हजार कोणाचे? तुम्ही सहा जण आज यावर काहीच बोललेला नाहीत असं तुमच्या पत्रावरून दिसतंय, आणि याचं उत्तर ठरलं की कंपनीचा प्रकार जवळजवळ आपोआप ठरतो.

आता मत. शेअर्सच्या कंपनीत रीतसर मोजणी झाली की जितके शेअर्स तितकी मतं. काकांना तीन शेअर्स दिले तर एकूण आठ, त्यांची तीन, म्हणजे साडेसदतीस टक्के. ऐकायला निम्म्यापेक्षा कमी वाटतं पण नीट बघा. कंपनीचे नियम म्हणजे आर्टिकल्स बदलायला स्पेशल रेझोल्यूशन लागतं, त्याला ७५ टक्के मतं लागतात, आणि तुम्ही पाचही जण एकत्र आलात तरी ६२.५ टक्केच होता. म्हणजे काका नाही म्हणाले की नियमांना हात लागणार नाही, कधीच. उलट साध्या बहुमताच्या गोष्टी, उदाहरणार्थ डायरेक्टरला काढणं, त्यासाठी काकांना फक्त दोघं फोडायचेत, तीन अधिक दोन पाच, झालं बहुमत. शिवाय २५ टक्क्यांच्या वर गेल्यामुळे काका कंपनीवर ठोस नियंत्रण असलेली व्यक्ती म्हणून कंपनीज हाउसच्या पब्लिक रेकॉर्डवर नावानिशी येणार, ते त्यांना चालणारे का हे पण विचारा, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.

आणि काका चांगलेच असतील हो, मी त्यांच्याबद्दल बोलतच नाहीये. शेअर्स ही मालमत्ता आहे. काका गेल्यावर ते तीन शेअर्स त्यांच्या वारसांकडे जाणार, आणि वारसांनी फ्लॅट विकला आणि दोन शेअर्स ठेवून घेतले तर? बिल्डिंगमध्ये न राहणाऱ्या माणसाकडे दोन मतं. ज्या कटकटीतून सुटायला तुम्ही फ्रीहोल्ड घेताय तीच कटकट थोड्या लहान आकारात परत.

गॅरंटी कंपनीत हे होत नाही, एक मेंबर एक मत हा मूळ नियम (आर्टिकल्समध्ये वेगळं लिहून बदलता येतो, पण मग गॅरंटी घेतलीच कशाला). सहा मतं, नियम बदलायला पाच लागतात, कोणी एकटा अडवू शकत नाही. तुमच्या शेजाऱ्याच्या डोक्यात हेच असणार, की घर चालवायला सगळे सारखे. आणि बहुतेक क्लब, चॅरिटी, व्यावसायिकांच्या संघटना याच कारणासाठी ही पद्धत घेतात, तिथे कोणी गुंतवणूक करायला येत नाही, माणसं येतात जातात, आणि दरवेळी शेअर हस्तांतरणाचे कागद कोण करत बसणार. फ्लॅटवाल्यांच्या राइट टू मॅनेज कंपनीला तर पर्यायच नाही, २००२ च्या कायद्याप्रमाणे ती गॅरंटीचीच लागते, आणि मला वाटतं "फ्लॅटवाले तीच काढतात" हे वाक्य तिथून आलंय. पण राइट टू मॅनेजमध्ये काही विकत घ्यायचं नसतं, फक्त कारभार ताब्यात घ्यायचा असतो. तुम्ही ८० हजाराची मालमत्ता घेताय. दोन्ही गोष्टी एक नाहीत.

गॅरंटी म्हणजे छोटीमोठी समाजसेवा असंही नका समजू हं. बूपा ही एवढी मोठी आरोग्य विमा आणि हॉस्पिटलवाली संस्था गॅरंटी कंपनी आहे, तिला शेअरहोल्डरच नाहीत, नफा परत धंद्यातच जातो. आणि उलट प्रीमियर लीग, फुटबॉलची, ती शेअर्सची कंपनी आहे, वीस क्लब, प्रत्येकाला एक शेअर, आणि खाली घसरलेला क्लब आपला शेअर वर येणाऱ्या क्लबला सोपवतो. म्हणजे शेअर्सची कंपनी असूनही वागणं मेंबरशिपसारखं. तुमच्या कामाचं उदाहरण हेच, कारण यातून कळतं की शेअर्स घेतले म्हणजे ते बाजारात विकण्यासारखेच असायला पाहिजेत असं नाही, एक फ्लॅट एक शेअर आणि फ्लॅट गेला की शेअर गेला असं आर्टिकल्समध्ये बांधता येतं.

आता बाहेर पडणं, कारण रोजचा त्रास इथेच होतो. शेअर्सच्या कंपनीत कोणी फ्लॅट विकला की स्टॉक ट्रान्सफर फॉर्मवर सही करून शेअर नव्या मालकाला द्यावा लागतो, रक्कम १,००० पौंडांच्या आत असेल तर स्टॅम्प ड्युटी नाही, फॉर्म सरकारकडे पाठवायलाही लागत नाही, कंपनीच्या रजिस्टरमध्ये नाव बदलायचं आणि नवीन सर्टिफिकेट द्यायचं. पाच मिनिटांचं काम. पण विकणारा सही न करता परदेशात निघून जातो, सर्टिफिकेट हरवतं, आणि सहा वर्षांनी पुढच्या विक्रीच्या वेळी वकील विचारतो की शेअर अजून तिसऱ्याच माणसाच्या नावावर का आहे. गॅरंटी कंपनीत मेंबरशिप हस्तांतरित होतच नाही, जुना जातो आणि नवा अर्ज करून येतो, मेंबर वारला तर मेंबरशिप तिथेच संपते. ऐकायला छान. पण सरकारी मॉडेल आर्टिकल्स जशीच्या तशी उचललीत तर त्यात फ्लॅटचा उल्लेखच नाही, मेंबरने सात दिवसांची लेखी नोटीस दिली तरच तो जातो, आणि फ्लॅट विकून गेलेला माणूस नोटीस कशाला देतोय. तो मेंबर राहतो, मत त्याचं राहतं. वर शेअर्सच्या कंपनीत निदान शेअरहोल्डरांची नावं कन्फर्मेशन स्टेटमेंटमधून कंपनीज हाउसला जातात, बाहेरच्याला चूक दिसू शकते. गॅरंटी कंपनीत सुरुवातीचे मेंबर सोडले तर पुढच्यांची नावं तिथे दिसत नाहीत, कंपनीचं स्वतःचं मेंबर रजिस्टर हाच एक पुरावा, आणि तो कोणाच्या तरी जुन्या लॅपटॉपवर.

मॉडेल आर्टिकल्सची अजून एक गंमत. सगळे धरून चालतात की गॅरंटी कंपनी म्हणजे नफा वाटायचा नाही. त्या आर्टिकल्समध्ये तसं कुठेही लिहिलेलं नाही! नफा वाटायला बंदी हवी असेल, कंपनी बंद करताना उरलेले पैसे मेंबरांमध्ये न वाटता दुसरीकडे जावेत असं हवं असेल, तर ते तुम्हाला लिहून घ्यावं लागतं. चॅरिट्या ते लिहितात म्हणून आपल्याला वाटतं तो कायदाच आहे.

आता तुमचं. काकांना एकच प्रश्न विचारा, आणि बाकीच्यांसमोर विचारा: तुम्हाला पैसे सुरक्षित हवेत, की त्या दोन फ्लॅट्समधून जे येईल ते हवंय, की कारभारात जास्त वजन हवंय?

पैसे सुरक्षित हवेत म्हणाले, म्हणजे वीस हजार आणि त्यावर काही व्याज, तर गॅरंटी कंपनी काढा आणि त्या वीस हजारांचा कर्जाचा वेगळा करार करा. करारात लिहा की परतफेड त्या दोन फ्लॅट्सचा प्रीमियम आला की त्यातून आधी होईल. हे लिहिणं महत्त्वाचं आहे कारण कंपनीकडे दुसरे पैसेच नसणार, ग्राउंड रेंट म्हणजे लीजचं भाडं येईल ते किरकोळ, आणि सर्व्हिस चार्जचे पैसे तर कंपनीचे नसतातच, ते कायद्याने फ्लॅटवाल्यांसाठी ट्रस्टमध्ये धरलेले असतात, त्यातून काकांचं कर्ज फेडलंत तर अंगाशी येईल. तारीख टाकून ठेवलीत आणि तोपर्यंत प्रीमियम आला नाही तर कंपनी नुसती अडचणीत. पाच जणांचे दहा दहा हजारही अशाच कागदावर घ्या, बिनव्याजी, फ्लॅटबरोबर पुढच्या मालकाकडे जाणारे, मधेच परत मागता न येणारे.

जे येईल ते हवंय म्हणाले, म्हणजे १४ हजार आले तर १४, वीस आले तर वीस, आणि काहीच नाही आलं तर नशीब, तर मग शेअर्सची कंपनी, पण दोन प्रकारचे शेअर्स. ए शेअर प्रत्येक सहभागी फ्लॅटला एक, मत त्यालाच, आणि फ्लॅटला बांधलेला. बी शेअर्स फक्त काकांना, मत नाही, पण त्या दोन फ्लॅट्सकडून येणारा प्रीमियम टॅक्स जाऊन जो नफा उरेल तो डिव्हिडंड म्हणून त्यांनाच. बी शेअर्स वारसांना गेले तरी बिघडत नाही, मत नसल्यामुळे ते बिल्डिंगच्या कारभारात ढवळाढवळ करू शकत नाहीत. हे गॅरंटी कंपनीत बसवायला गेलात तर आर्टिकल्सची इतकी ओढाताण होते की वकिलाचं बिल वाचून तुम्हीच म्हणाल शेअर्स परवडले. आणि हो, कोणीतरी म्हणेल की गॅरंटीचीच काढू आणि वर शेअर कॅपिटलही ठेवू, दोन्हीचे फायदे, तर तशी मिश्र कंपनी ब्रिटनमध्ये १९८० नंतर नव्याने काढता येत नाही.

आणि वजन हवंय म्हणाले तर सरळ नाही म्हणा. पैशाच्या बदल्यात पैसा द्या, मत देऊ नका. फारच अडून बसले तर ते वीस हजार बाकीच्या पाच जणांनी वाटून घ्या, प्रत्येकी चार हजार जास्त, म्हणजे पाच जणांचे १४-१४ हजार आणि काकांचे १०. मग ते २८ हजार आले तर पाचांचे, आणि तेही कागदावर. चार हजार जमवायला जड जाईल कोणाला तरी, मान्य, पण निर्णय रोखून धरण्याचा हक्क कायमचा देऊन टाकण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

तुमच्या पत्रावरून मला वाटतं काका दुसऱ्या प्रकारातले असतील, ३० हजार घालायला तयार होणारा माणूस सहसा व्याजावर खूश होत नाही. तसं असेल तर ए आणि बी शेअर्सवाली कंपनी घ्या आणि शेजाऱ्याला सांगा की एक फ्लॅट एक मत हे त्याचं म्हणणं त्यात तसंच्या तसं आहे. ए शेअरच्या नियमात एक ओळ अवश्य घाला: फ्लॅट विकला आणि मालकाने ठराविक दिवसांत ट्रान्सफर फॉर्म दिला नाही, तर डायरेक्टर त्याच्या वतीने सही करू शकतील. त्या एका ओळीने वरचा सहा वर्षांनंतरचा सगळा तमाशा वाचतो.

घाईत आधी नोंदणी करून मग बघू असं मात्र करू नका. शेअर्सच्या कंपनीचं थेट गॅरंटी कंपनीत किंवा उलटं रूपांतर करायची सोयच कायद्यात नाही, नवी कंपनी काढायची, फ्रीहोल्ड तिच्या नावावर करायचं, वकील परत, टॅक्सचा विचार परत. नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म दोन्हीला एकच आहे, त्यात एका ठिकाणी प्रकार निवडायचा असतो, आणि तो क्लिक इतका सोपा आहे की लोक रात्री अकरा वाजता करून मोकळे होतात.

आणि ते दोघं जे आज नाही म्हणतायत त्यांचं पण आत्ताच ठरवा. त्यांच्यापैकी कोणी तीन वर्षांनी म्हणालं की आम्हाला पण आत घ्या, तर किती पैसे घ्यायचे, ते कोणाकडे जाणार, आणि काकांचा त्या फ्लॅटवरचा बी शेअर तेव्हा रद्द होणार की राहणार? सहा जणांमधल्या करारात याचं उत्तर पाहिजे, आणि तो करार फ्रीहोल्डच्या सध्याच्या मालकाला खरेदीची नोटीस जायच्या आधी सह्यांसकट तयार पाहिजे, नंतर कोणीच सही करायला बसत नाही.